एका खुनाची नोंद आणि एका वस्तीचा हिशेब : गुन्ह्यांचा अंधारातला आकडा

गुन्हेगारीचा इतिहास लिहायचा तर आकडे लागतात, आणि आकडे म्हटले की आपण पोलिसांच्या नोंदींकडे जातो. त्या नोंदींत जे येत नाही, त्याला गुन्हेशास्त्रात ‘अंधारातला आकडा’ म्हणतात. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. जगभरातली उदाहरणं देता येतील, पण आपल्या नागपूरचंच एक उदाहरण असं आहे की त्यात हा सगळा प्रश्न एकाच वस्तीत उभा राहतो. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तारीख १३ ऑगस्ट २००४, शुक्रवार. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अक्कू यादव नावाच्या आरोपीला हजर करण्यात आलं होतं. उत्तर नागपुरातल्या जरीपटका भागातली कस्तुरबा नगर ही त्याची वस्ती. तो जामिनावर सुटणार अशी बातमी वस्तीत पसरली होती. सुमारे दोनशे बायका न्यायालयात पोहोचल्या. तिखटाची पूड आणि घरातल्या सुऱ्या घेऊन त्या आल्या होत्या. भर दुपारी, भर न्यायालयात, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या त्या माणसाला जमावानं ठार केलं. पुढे काही जणींना अटक झाली, तेव्हा वस्तीतल्या बायका म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच अटक करा. खटला दहा वर्षं चालला. २०१४ मध्ये हयात असलेल्या सर्व आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

हे प्रकरण आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. त्यावर ‘बायकांनी कायदा हातात घेतला, ते बरोबर की चूक’ अशी चर्चा खूप झाली. मला आज ती करायची नाही. मला साधा, कारकुनी वाटेल असा प्रश्न विचारायचा आहे. कस्तुरबा नगरात त्याआधीच्या दहाएक वर्षांत गुन्हे किती झाले?

पोलिसांच्या दप्तरानं उत्तर द्यायचं तर १३ ऑगस्टची नोंद अगदी पक्की आहे. खून एक. तारीख, वेळ, ठिकाण, मृताचं नाव, सगळं आहे. पण त्याआधीचं? अक्कू यादव पोलिसांना अनोळखी नव्हता. त्याला अनेकदा अटक झाली होती, तो अनेकदा सुटला होता. वस्तीतले लोक मात्र त्या घटनेनंतर जे सांगू लागले ते निराळंच होतं. खून, खंडणी, घरात घुसून मारहाण, आणि बलात्कार. बलात्कार झालेल्या बायका चाळीसहून अधिक असाव्यात असं रहिवाशांचं म्हणणं वृत्तपत्रांत आलं. यातला एकही बलात्काराचा आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. आरोपीच मेला, तेव्हा तसा खटला उभा राहणंही शक्य नव्हतं. म्हणजे खरा आकडा चाळीस, की वीस, की साठ, हे आता कोणीही सांगू शकत नाही. वस्तीच्या आठवणीत एक हिशेब आहे, दप्तरात दुसरा, आणि या दोघांमध्ये जी पोकळी आहे तोच अंधारातला आकडा.

हा प्रश्न नवा नाही. फ्रान्सनं १८२७ मध्ये देशभरच्या गुन्ह्यांची वार्षिक आकडेवारी छापायला सुरुवात केली. बेल्जियमचा गणिती आदोल्फ केतले ती आकडेवारी घेऊन बसला. त्याच्या लगेच लक्षात आलं की हे तर फक्त उघडकीला आलेले गुन्हे. मग न कळलेल्यांचं काय करायचं? केतलेनं एक गृहीतक धरलं. कळलेले गुन्हे आणि एकूण गुन्हे यांचं प्रमाण साधारण स्थिर असतं. म्हणजे दरवर्षी चारातला एकच कळत असेल, तरी हरकत नाही. कळलेले दुप्पट झाले, तर एकूणही दुप्पट झाले असं समजायला मोकळीक मिळते.

हे गृहीतक आपण नीट लक्षात ठेवू. कारण ‘नागपुरात गुन्हे वाढले’, ‘अमुक शहर गुन्हेगारीची राजधानी’ असे मथळे आपण वाचतो, तेव्हा नकळत केतलेचंच गृहीतक आपण मान्य करत असतो. ते प्रमाण खरंच स्थिर राहतं का, हे कस्तुरबा नगरावर तपासून बघू.

त्यासाठी आधी एखादी घटना दप्तरात कशी शिरते ते पाहावं लागेल. घटना घडते. ज्याच्यावर ती घडली त्याला ती गुन्हा वाटावी लागते. मग पोलिसांत जावं असं वाटावं लागतं. मग तो ठाण्याची पायरी चढतो. तिथं ठाणे अंमलदार ऐकून घेतो. इथं एक वळण आहे. प्रकार दखलपात्र ठरला तर एफआयआर, म्हणजे रीतसर गुन्हा दाखल. अदखलपात्र ठरला तर एन.सी. शिवीगाळ, साधी मारहाण यांची तक्रार बहुधा एन.सी.त जाते, फिर्यादीच्या हाती एक कागद मिळतो आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पुढे तपास होत नाही. मोबाईल चोरीला गेला असं सांगायला गेलेला माणूस ‘गहाळ झाला’ असं लिहून परत येतो, हेही आपल्याला नवं नाही. ‘आमची हद्द नाही’ किंवा ‘आपसात मिटवून घ्या’ ही वाक्यं तर पाठ आहेत.

आणि एफआयआर झाला तरी मोजणीचा एक नियम उरतोच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतो. बलात्कार करून खून केला, तर तो खुनात जातो. बलात्काराच्या रकान्यात तो दिसत नाही.

पोलिसांनी गुन्हा न नोंदवण्याला इंग्रजांच्या काळापासून एक शब्द आहे, बर्किंग. एडिंबरामध्ये १८२८ च्या सुमारास बर्क नावाचा माणूस लोकांना गुदमरवून मारत असे आणि त्यांची प्रेतं शरीरशास्त्राच्या वर्गासाठी विकत असे. अंगावर खूण राहत नसे. त्याच्या नावावरून हा शब्द आला. तक्रार मारायची, पण खूण उरू द्यायची नाही. हे का होतं? एकटा आळस किंवा लाच एवढंच कारण नाही. ठाणेदाराचं काम जर त्याच्या हद्दीतल्या गुन्ह्यांच्या संख्येवरून जोखलं जाणार असेल, तर गुन्हे कमी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग लेखणी खाली ठेवणं हाच आहे. १९०२–०३ च्या पोलीस आयोगानं या आकड्यांच्या मोहावर बोट ठेवलं होतं. त्याचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर हे मध्य प्रांतातले अधिकारी, आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे आपल्या इथला कारभार जवळून पाहिलेल्या माणसाच्या आयोगानं शंभर वर्षांपूर्वी हे सांगून ठेवलं होतं.

आता कस्तुरबा नगरात या वाटेवर गळती कुठं झाली? रहिवाशांनी पत्रकारांना सांगितलं ते असं, की तक्रार करायला गेलेल्या बाईचं नाव ठाण्यातूनच अक्कूपर्यंत पोहोचत असे, आणि मग तो तिच्या दारात येत असे. हे खरं मानलं तर गळती केवळ अंमलदाराच्या टेबलावर नव्हती. ती त्याच्या कितीतरी आधी, घरातच झाली होती. एका बाईचं काय झालं हे शेजारच्या दहा जणींनी पाहिलं, आणि त्या दहा जणी ठाण्यात गेल्याच नाहीत. तक्रार न करणं हा त्यांचा भित्रेपणा नव्हता, तो अनुभवातून आलेला हिशेब होता.

आणि मग ऑगस्ट २००४ मध्ये हे प्रमाण अचानक बदललं. उषा नारायणे ही त्याच वस्तीतली शिकलेली मुलगी. तिनं आणि तिच्या वकील भाऊजींनी जवळचं ठाणं टाळून थेट पोलीस उपायुक्तांकडे तक्रार नेली. ६ ऑगस्टला लोकांनी अक्कूचं घर पाडलं. तो पोलिसांच्या ताब्यात गेला. आणि ज्या बायका वर्षानुवर्षं गप्प होत्या त्या बोलू लागल्या. समजा, त्या आठवड्यात त्यातल्या तीस जणींनी एफआयआर केले असते. त्या वर्षीच्या आलेखात जरीपटक्याच्या हद्दीत बलात्कारांची प्रचंड ‘वाढ’ दिसली असती. प्रत्यक्षात मात्र तो असा आठवडा होता की आरोपी कोठडीत होता. धोका कमी झाला म्हणून नोंद वाढली! केतलेचं स्थिर प्रमाण इथं पार कोसळतं. जिथं दहशत जास्त, तिथं नोंद कमी. म्हणजे दप्तराची चूक सगळीकडे सारखी नसते. जिथं परिस्थिती सर्वांत वाईट, तिथंच ती सर्वांत मोठी असते.

मग दुसरा मार्ग कोणता? पोलिसांना विचारण्याऐवजी लोकांनाच विचारायचं. कल्पना साधी आहे, पण ती मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात यायला १९६६ साल उजाडलं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगासाठी सुमारे दहा हजार घरांत जाऊन विचारलं गेलं, गेल्या वर्षभरात तुमच्यावर काय काय घडलं? उत्तरांतून निघालेले गुन्हे पोलिसांच्या नोंदींपेक्षा कितीतरी जास्त होते. १९७० च्या दशकात अमेरिकेनं, १९८२ मध्ये ब्रिटननं अशी नियमित सर्वेक्षणं सुरू केली. याला पीडित सर्वेक्षण म्हणतात. आपल्याकडे १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय पाहणीचा भाग म्हणून मुंबईत असा प्रयोग झाला. पुढे २०१७ मध्ये आयडीएफसी इन्स्टिट्यूटनं मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरू इथल्या वीस हजारांवर घरांची पाहणी प्रसिद्ध केली. चोरी झालेल्या शंभर जणांतल्या दहा जणांच्या हातीही एफआयआर पडत नाही, असं त्यातून दिसलं. त्या चार शहरांत नागपूर नव्हतं.

पण नागपूर एका दुसऱ्या पाहणीत होतं, आणि तिचा काळ आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची तिसरी फेरी, २००५–०६. म्हणजे न्यायालयातल्या त्या घटनेनंतर जेमतेम दीड-दोन वर्षांनी. या फेरीत देशातली आठ शहरं निवडून तिथल्या झोपडपट्ट्या आणि इतर वस्त्या यांची वेगवेगळी पाहणी झाली. त्या आठांत नागपूर होतं. ही मुळात आरोग्याची पाहणी. लसीकरण, बाळंतपण, आहार असे प्रश्न. पण त्यात बायकांवरच्या हिंसेचाही एक भाग होता.

तो भाग कसा विचारतात ते पाहण्यासारखं आहे. ‘तुमच्यावर अत्याचार झाला का’ असं विचारत नाहीत. कोणी तुम्हाला थोबाडीत मारलं का, ढकललं का, इच्छा नसताना जबरदस्ती केली का, अशी एकेक कृती सांगून विचारतात. कारण ‘अत्याचार’ हा शब्द ऐकला की बाई आधी मनातल्या मनात खटला चालवते, आणि बहुतेक वेळा स्वतःविरुद्ध निकाल देते. दुसरं, एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारतात, म्हणजे सासूला किंवा जावेला काय विचारलं जाणार हे कळू नये. तिसरं, एकांत मिळाला नाही तर हा भाग विचारतच नाहीत.

देशपातळीवर उत्तरं काय आली? पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या साधारण तीन बायकांमागे एकीनं शारीरिक मारहाण सोसली होती. हिंसा सोसलेल्यांपैकी चारातल्या एकीनंच कधी कुणाची मदत मागितली, आणि तीही मुख्यतः माहेरच्यांची. पोलिसांकडे गेलेल्या शंभरात दोनच्या आसपास. पुढे २०१४ मध्ये आशिष गुप्ता या संशोधकानं याच पाहणीचे आकडे एनसीआरबीच्या आकड्यांशेजारी ठेवले. नवऱ्याखेरीज इतर पुरुषांनी केलेल्या लैंगिक हिंसेच्या शंभर घटनांपैकी सुमारे सहाच पोलिसांत नोंदल्या गेल्या होत्या.

आणि नवऱ्यानं केलेल्या? शंभरातली एकसुद्धा नाही. इथं जरा थांबू. कारण इथं दोन आकडे वेगळे असण्याचं कारण निव्वळ लपवाछपवी नाही. नवऱ्यानं केलेला बलात्कार आपल्या कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. दप्तर विचारतं, कायद्याचं कोणतं कलम लागतं? सर्वेक्षण विचारतं, तुमच्यावर काय घडलं? प्रश्नच दोन आहेत, तर उत्तर एक कसं येईल?

मग सर्वेक्षण म्हणजे सत्य आणि दप्तर म्हणजे खोटं, असं समजायचं का? तसंही नाही. पुन्हा कस्तुरबा नगरात जाऊ. समजा, २००३ मध्ये, अक्कू वस्तीत फिरत असताना, एक पाहणी करणारी बाई हातात कागद घेऊन तिथं गेली असती. तिला काय दिसलं असतं?

पहिली अडचण एकांताची. दहा बाय दहाच्या खोलीत, पातळ भिंतींच्या वस्तीत, एकांत कुठून आणायचा? आणि जिथं दरवाजा लावून कुजबुजणं हीच संशयाची गोष्ट, तिथं सर्वांत घाबरलेली घरंच वगळली गेली असती. दुसरी अडचण मेलेल्यांची. सर्वेक्षण बळीलाच विचारतं, म्हणून खून त्यात कधीच येत नाही. तसेच वस्ती सोडून पळून गेलेले. घराला कुलूप असेल तर उत्तर नाही, आणि ज्यांच्यावर सर्वांत वाईट प्रसंग आला ते बहुधा तेच. तिसरी अडचण आठवणीची. वर्षभरातलं विचारलं तर माणूस दीड वर्षापूर्वीची मोठी घटना जवळ ओढून सांगतो आणि सहा महिन्यांपूर्वीची लहान घटना विसरतो.

चौथी अडचण मोजणीची, आणि ती मला सर्वांत बोलकी वाटते. एखाद्या बाईला तोच माणूस वर्षात चाळीस वेळा दारात येऊन धमकावतो. ती तारखा कशा सांगणार? ब्रिटिश सर्वेक्षणात अशा सारख्या घटनांची मालिका कितीही लांब असो, ती अनेक वर्षं जास्तीत जास्त पाचच घटना म्हणून मोजली जात असे. हेतू वाईट नव्हता. दोनचार लोकांच्या मोठ्या आकड्यांनी सगळी सरासरी हलू नये, एवढाच होता. पण परिणाम काय? चाळीसच्या जागी पाच. दहशत म्हणजे तर पुनरावृत्तीच. एकदा चोरी झालेल्या माणसाचं दुःख पूर्ण मोजलं जातं, आणि रोज भीतीत जगणाऱ्या बाईचं आठव्या भागाइतकं. ब्रिटननं पुढे, टीका झाल्यावर, ही पद्धत बदलली.

म्हणजे दोन्ही साधनं आंधळी आहेत, पण वेगवेगळ्या डोळ्यांनी. दप्तराला खून दिसतो, गाडीची चोरी दिसते. गाडीची चोरी का, तर विम्याचे पैसे हवेत तर एफआयआर लागतो. लोक न्यायासाठी जात नाहीत, कागदासाठी जातात! सर्वेक्षणाला पाकीटमारी, मारहाण, घरातली हिंसा जास्त दिसते, पण बेघर, लहान मुलं, तुरुंगातले आणि मेलेले दिसत नाहीत. दोन्ही शेजारी ठेवले की तिसरी गोष्ट दिसू लागते, ती म्हणजे लोक आणि ठाणं यांच्यातलं अंतर.

ते अंतर बदलतं तेव्हा काय होतं याचं उदाहरण आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत ती भयंकर घटना झाली. देशभरात नोंदलेले बलात्कार २०१२ मध्ये २४,९२३ होते, ते २०१३ मध्ये ३३,७०७ झाले. एका वर्षात पस्तीस टक्क्यांची वाढ. भारतातले पुरुष एका वर्षात पस्तीस टक्क्यांनी बिघडले का? ते संभवत नाही. मधल्या काळात कायदा बदलला, बलात्काराची व्याख्या रुंदावली, अशा तक्रारीची नोंद न करणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली, नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं दखलपात्र गुन्ह्याचा एफआयआर बंधनकारक केला, आणि मुख्य म्हणजे बायका बोलू लागल्या. अंधार थोडा कमी झाला, त्याचा हा आकडा.

म्हणून एखाद्या शहराचा आकडा वाढलेला दिसला, तर तीन गोष्टी तपासाव्यात. खुनाचा आकडाही त्याच दिशेनं गेला आहे का? कारण प्रेत लपवणं कठीण, म्हणून खुनाची नोंद त्यातल्या त्यात विश्वासाची. त्या वर्षी कायदा किंवा नोंदीची पद्धत बदलली का? आणि पोलिसांशी संबंध नसलेली एखादी पाहणी, कुटुंब आरोग्य पाहणीसारखी, काय म्हणते? खून स्थिर, पाहणी स्थिर आणि पोलिसांतली नोंद मात्र वाढली, तर ती वाढ बहुधा विश्वासाची आहे. उलट पाहणी जे सांगते त्याच्या मानानं नोंद फारच कमी असेल, तर शांतता म्हणून आनंद मानण्याआधी ती कसली शांतता आहे हे विचारावं लागेल.

अशी तुलना दरवर्षी, शहरवार करायची तर नियमित पीडित सर्वेक्षण हवं. ते आपल्याकडे अजून रुजलेलं नाही. विदर्भात दुसऱ्या क्षेत्रात हे झालेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत दवाखान्यात येणाऱ्या बायका मोजण्याऐवजी गावात जाऊन बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले, आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरवरून त्या गावांत आजारच नव्हते! ठाण्याच्या रजिस्टरचं तसंच आहे. तिथं जे येतात ते दिसतात.

कस्तुरबा नगरचा इतिहास उद्या कोणी लिहायला बसलं, तर त्याला दप्तरात एक खून ठळक सापडेल, दोनशे साक्षीदारांसमोर झालेला, आणि तरी कोणावरही सिद्ध न झालेला. त्याच्या आधीची दहा वर्षं त्याला तिथं फिकट दिसतील. ती वर्षं शांततेची होती असं त्यानं लिहू नये, एवढीच अपेक्षा. आता प्रश्न असतील तर घेऊ.